दोन जीबीत किती गेम?

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा गेम कॉम्प्युटरवर टाकायचा तर दीडशे जीबी जागा मोकळी करावी लागते. शिवाय दमदार ग्राफिक्स कार्ड हवं, आणि ते आलं की खर्चाचा आकडा घरात मोठ्याने सांगता येत नाही. क्लाउड गेमिंगने हा सगळा प्रश्नच उडवून लावला. गेम चालतो कंपनीच्या सर्व्हरवर आणि खेळणाऱ्याच्या हातातल्या साध्या फोनवर येतं ते फक्त चित्र आणि आवाज. मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग ही सेवा नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात आली. जिओगेम्स क्लाउड त्याच्या आधीपासून आहे. ज्यांच्या घरी फायबरचं कनेक्शन आहे, त्यांना सेवा निवडून खेळायला बसायला काहीच हरकत नाही.

पण आपल्याकडे बहुतेकांचं इंटरनेट म्हणजे फोनमधलं सिमकार्ड आणि रोजचा दीड किंवा दोन जीबीचा पॅक. तो संपला की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो आणि त्यावर व्हॉट्सॲपचा एक फोटोसुद्धा रखडत उघडतो. अशा पॅकवर क्लाउड गेमिंग जमतं का? जमतं, पण त्यासाठी डेटा नेमका कुठे जातो हे आधी समजून घ्यावं लागतं.

खेळणारा बटण दाबतो तेव्हा तेवढीच खबर सर्व्हरकडे जाते. ती इतकी छोटी असते की तिचा हिशेब धरायचीही गरज नाही. सर्व्हर ती खबर घेऊन गेममधलं पुढचं दृश्य तयार करतो, त्याचा व्हिडिओ करून दाबून बारीक करतो आणि फोनकडे पाठवतो. सेकंदाला तीस किंवा साठ वेळा हे घडतं. डेटा खर्च होतो तो या व्हिडिओवर. त्यामुळे गेम दीडशे जीबीचा असो की पाचशे एमबीचा, सेटिंग तेच असेल तर ताशी खर्च साधारण सारखाच येतो. गेमचे भलेमोठे अपडेटही सर्व्हरवरच होतात, आपल्या पॅकला त्यांची झळ लागत नाही.

या व्हिडिओच्या जाडीला बिटरेट म्हणतात आणि तो एमबीपीएसमध्ये मोजतात. हिशेब अगदी सोपा आहे: बिटरेटला ०.४५ ने गुणलं की एका तासाला किती जीबी लागतील ते कळतं. पाच एमबीपीएस असेल तर तासाला सव्वादोन जीबी, दहा असेल तर साडेचार, पंचवीस असेल तर सव्वाअकरा. गूगलची स्टेडिया ही सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली, पण तिने ग्राहकांसाठी दिलेले आकडे आजही अंदाजाला चांगले आहेत. ७२०पी चित्राला तासाला साडेचार जीबीपर्यंत, १०८०पीला १२.६ जीबीपर्यंत आणि फोर-केला वीस जीबीपर्यंत. एनव्हिडियाच्या जीफोर्स नाउ या सेवेची मागणी तर याहून मोठी. ७२०पीमध्ये साठ फ्रेमसाठी कनेक्शन किमान १५ एमबीपीएसचं असावं आणि १०८०पीसाठी २५ चं, असं कंपनी सांगते. अर्थात हा कनेक्शनचा वेग झाला, प्रत्यक्ष व्हिडिओ त्याहून कमी जागा घेतो. तरीही दोन जीबीच्या पॅकवाल्याने हे आकडे वाचले की त्याचा उत्साह तिथेच मावळायचा.

मावळू नये, कारण हे सगळे कमाल आकडे आहेत आणि बऱ्याच सेवांमध्ये ही कमाल मर्यादा आपल्याला खाली आणता येते. जीफोर्स नाउच्या सेटिंगमध्ये ‘Custom’ निवडलं की ‘Max bit rate’ नावाची पट्टी दिसते, ती ओढून पाचपर्यंत आणता येते. घरच्या कॉम्प्युटरवरचा गेम फोनवर खेळवणाऱ्या मूनलाइट या मोफत ॲपमध्येही अशीच पट्टी आहे आणि ती पाचच्याही खाली जाते. काही सेवा मात्र नेटवर्क बघून स्वतःच सगळं ठरवतात, वापरणाऱ्याला फार तर दोन-तीन तयार पर्याय देतात. त्यातला ‘डेटा सेव्हर’ किंवा सगळ्यात खालचा पर्याय डोळे मिटून निवडावा.

इथे बहुतेकांची एक गल्लत होते. डेटा वाचवायचा म्हणून ते फक्त रिझोल्यूशन खाली आणतात आणि बिटरेट होता तिथेच ठेवतात. मग चित्र लहान होतं, पण पॅक त्याच वेगाने रिकामा होतो, कारण बिटरेटची मर्यादा तशीच मोकळी असते. म्हणून आधी ठरवायचा तो बिटरेट आणि मग त्या बिटरेटला पेलवेल असं रिझोल्यूशन.

पेलवेल म्हणजे काय, ते एका फ्रेमच्या हिशेबाने नीट कळतं. पाच एमबीपीएसच्या व्हिडिओत सेकंदाला साठ फ्रेम असतील, तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम दहा केबी येतात. १०८०पी चित्रात वीस लाखांहून अधिक ठिपके असतात, ७२०पीमध्ये सव्वानऊ लाखांच्या आसपास. त्याच दहा केबींत सव्वादोन पट ठिपके कोंबायला गेलं की कॅमेरा जरा भराभर वळला तरी गवत, झाडं, पाऊस यांचा लगदा होतो आणि चौकोनी ठिगळं दिसू लागतात. तेच ७२०पी ठेवलं तर चित्र जरा मऊ दिसतं, पण अखंड दिसतं. साडेसहा इंचांच्या फोनवर दोन्हींतला फरक शांत दृश्यात शोधूनही फारसा सापडत नाही. तेव्हा पाच ते आठ एमबीपीएसच्या आत ७२०पीच बरं. तीन एमबीपीएसवर उतरायची वेळ आली तर ५४०पी. पाचच्या बिटरेटवर १०८०पी ठेवणं म्हणजे निव्वळ आकड्याचा हट्ट आहे.

साठ फ्रेमऐवजी तीस घेतल्या तर? तेवढ्याच बिटरेटमध्ये एका फ्रेमच्या वाट्याला दुप्पट, म्हणजे वीस केबी येतात आणि चित्र एकदम निवळतं. मोबदल्यात बटण दाबल्याचा परिणाम थोडा उशिरा दिसतो, कारण फ्रेम दर १७ मिलिसेकंदांऐवजी दर ३३ मिलिसेकंदांनी येते. शेती करायच्या ‘स्टारड्यू व्हॅली’त किंवा आळीपाळीने चाल करायच्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘फोर्झा होरायझन’मध्ये वळणावर गाडी हमखास कुंपणात जाते. शिवाय स्थिर पडद्याच्या गेमला व्हिडिओच कमी लागतो. आधीच्या फ्रेममध्ये आणि नव्या फ्रेममध्ये फारसा फरक नसेल तर पाठवायचं तरी काय? त्यामुळे पाचची मर्यादा ठेवूनही असा गेम बराच वेळ त्याच्या खालीच राहतो. मर्यादित डेटावर कोणता गेम खेळायचा ही निवड सेटिंगइतकीच पैसे वाचवते.

आता एक हिशेब मांडून पाहू. समजा, कराडच्या एखाद्या हॉस्टेलवर राहणारा विद्यार्थी आहे, त्याच्याकडे रोज दोन जीबीचा ४जी पॅक आहे. व्हॉट्सॲप, यूपीआय, थोडं इन्स्टाग्राम यासाठी त्याला पाचशे एमबी राखून ठेवावेच लागतात. उरले दीड जीबी. सेवेने आपल्या मर्जीने दहा एमबीपीएस घेतले, तर वीस मिनिटांत खेळ खल्लास. एखादी मोहीम सुरू होऊन रंगात येईपर्यंतच तेवढा वेळ जातो. पाचवर ७२०पी ठेवलं तर चाळीस मिनिटं मिळतात. तीनवर ५४०पी चालवून घेतलं तर तासाला १.३५ जीबी, म्हणजे एक तास आणि वर पाच-सात मिनिटं. आवाज आणि हरवलेल्या माहितीची भरपाई करायला पाठवलेला जादा डेटा यांसाठी यातून दहा टक्के वजा धरलेले बरे. या विद्यार्थ्यासाठी पाच एमबीपीएस, ७२०पी आणि गेम संथ असेल तर तीस फ्रेम, हा सौदा सगळ्यात चांगला.

त्याला आणखी एक फायदा घेता येतो. रोजचा कोटा रात्री बाराला नव्याने सुरू होतो. शनिवारी रात्री अकरा-वीसला बसलं तर बारा वाजेपर्यंतची चाळीस मिनिटं शनिवारच्या उरलेल्या डेटातून जातात आणि पुढची चाळीस रविवारच्या. सलग एक तास वीस मिनिटं खेळ होतो, त्यात पैशाचीही भर पडत नाही. रविवारी दिवसभर मात्र हात आखडता ठेवावा लागतो. त्या वेळी टॉवरवरची गर्दीही बरीच ओसरलेली असते, हा वरचा फायदा.

हे आकडे कागदावरचे झाले. आपल्या फोनवर खरं काय होतं ते मोजायला दहा मिनिटं पुरतात. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये नेटवर्कखाली कोणत्या ॲपने किती मोबाइल डेटा वापरला ते दिसतं. गेमिंग ॲपसमोरचा आकडा लिहून ठेवायचा, दहा मिनिटं चांगल्या धावपळीचा भाग खेळायचा, पुन्हा आकडा बघायचा आणि फरकाला सहाने गुणायचं. पाचची मर्यादा ठेवली असताना उत्तर सव्वादोन-अडीच जीबीच्या आसपास यायला हवं. चार जीबी आलं तर मर्यादा लागूच झालेली नाही, असं समजावं. गेम ब्राउझरमध्ये उघडला असेल तर तो डेटा क्रोमच्या खात्यावर दिसतो, हे लक्षात ठेवायचं, नाहीतर ‘या ॲपने काहीच खाल्लं नाही’ म्हणून माणूस खूश होतो. आणि खेळायच्या आधी गूगल फोटोजचा बॅकअप आणि प्ले स्टोअरचे आपोआप होणारे अपडेट फक्त वाय-फायवर होतील असं करून ठेवावं. ते मधेच सुरू झाले तर डेटाही जातो आणि गेमही अडकतो.

‘आमच्याकडे तर अनलिमिटेड ५जी आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेल यांनी अमर्याद ५जी साधारणपणे रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवरच ठेवलं आहे. अमर्याद आहे ते फोन ५जीवर असेपर्यंतच. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात गेलं, जिन्याखाली बसलं की फोन गुपचूप ४जीवर उतरतो आणि डेटा रोजच्या दोन जीबींतून कापला जाऊ लागतो. ५जी आहे म्हणून गुणवत्ता वर नेऊन ठेवलेली असते. दहा एमबीपीएसवर अशी दहा मिनिटं गेली तर पाऊण जीबी गेला आणि वरच्या कोपऱ्यातलं चिन्ह बदललेलं कुणी पाहिलेलंही नसतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर डायलरमध्ये `*#*#4636#*#*` टाइप केलं की चाचणीचा एक मेनू उघडतो, त्यात ‘NR only’ निवडून फोनला ५जीवरच अडवून ठेवता येतं. जिओचं ५जी स्वतंत्र जाळ्यावर चालतं, तिथे हे जमण्याची शक्यता असते. एअरटेलचं ५जी मुख्यतः ४जीच्या आधारावर उभं आहे, तिथे हाच पर्याय निवडला तर नेटवर्कच जाऊ शकतं. फोन येणंही बंद पडू शकतं, म्हणून खेळ संपल्यावर सेटिंग आठवणीने पूर्ववत करायचं. एवढा खटाटोप नको असेल तर ५जीवरही मर्यादा दहाच्या वर नेऊ नये, म्हणजे घसरगुंडी झाली तरी फटका आवाक्यात राहतो.

डेटाचं गणित बसलं तरी गेम नीट चालेलच असं नाही. यूट्यूबवर व्हिडिओ लावला की तो पुढची अर्धी-एक मिनिट आधीच उतरवून ठेवतो. नेटवर्क चार सेकंद गेलं तरी आपल्याला पत्ता लागत नाही. गेममध्ये ही सोय नाही, कारण पुढची फ्रेम आपण कोणतं बटण दाबणार यावर अवलंबून असते आणि ते अजून दाबलेलं नाही. त्यामुळे शंभर एमबीपीएसचं पण दचके देणारं कनेक्शन गेमिंगला वाईट, आणि पंधराचं पण एका लयीत चालणारं चांगलं. माहितीची पाकिटं येण्याच्या वेळांत जो चढउतार होतो त्याला जिटर म्हणतात. आपलं नुकसान करतो तो हाच.

तो कसा ओळखायचा? ऊक्लाच्या स्पीडटेस्ट ॲपमध्ये चाचणी संपल्यावर पिंगचे तीन आकडे दिसतात: एक रेषा मोकळी असतानाचा, एक डाउनलोड चालू असतानाचा, एक अपलोडच्या वेळचा. लोक वेगाचा मोठा आकडा बघून ॲप बंद करतात. आपल्याला हवा तो मधला आकडा. मोकळ्या रेषेवर पिंग ३५ आहे आणि डाउनलोड चालू असताना ७०-८० पर्यंत जातो, तर खेळायला बसावं. तोच ३०० पर्यंत उडत असेल, तर टॉवरवर रांग लागली आहे आणि आपली फ्रेम त्या रांगेत उभी आहे. अशा वेळी बिटरेट उतरवला तर खरंच फरक पडतो, कारण रांगेतली काही गर्दी आपलीच असते. मापलेल्या वेगांत सगळ्यात कमी जो येईल त्याच्या निम्म्यावर बिटरेट ठेवायचा, हा ठोकताळा बहुतेक ठिकाणी चालतो. एक इशारा मात्र आहे. वेगवान ५जीवर एका स्पीडटेस्टलाच काहीशे एमबी लागतात. ४जीवर उतरलेले असाल तरच ती चाचणी स्वस्त पडते.

सिग्नलच्या दांड्यांवर फार विश्वास ठेवू नये. फोनच्या माहितीत सिम स्टेटसखाली सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. उणे ८० ते ९० म्हणजे उत्तम, उणे १०५ च्या पुढे गेलं की कठीण, उणे ११५ ला गेम विसरा. आकडा उणे ८५ असूनही गेम अडखळत असेल तर दोष गर्दीचा आहे, जागा बदलून उपयोग नाही, वेळ बदलावी लागेल. रात्री आठ ते अकरा सगळं गाव ऑनलाइन असतं. उलट आकडाच उणे ११० असेल तर खिडकीशी जाऊन बसलं तरी दहा-पंधराने सुधारतो. एसटीत किंवा लोकलमध्ये खेळायचा विचार सोडून द्यावा. फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो त्या क्षणी चित्र गोठतं, आणि प्रवासात असे क्षण संपतच नाहीत.

बिघाडाच्या लक्षणांवरून कारण बरंच कळतं. चित्र धूसर होऊन पुन्हा निवळतं, पण खेळ चालू राहतो, तेव्हा सेवा वेग पाहून बिटरेट वरखाली करते आहे. घाबरायचं कारण नाही. चित्र स्वच्छ आहे, पण मधेच थबकून एकदम पुढे उडी मारतं, हा जिटर. चित्रात क्षणभर हिरवट-करडी ठिगळं येतात, ही हरवलेली पाकिटं. आणि चित्र, हालचाल सगळं झकास, फक्त आवाज मागून येतो, तेव्हा नेटवर्कला शिव्या देऊ नयेत. दोष ब्लूटूथ हेडफोनचा असतो. साध्या ब्लूटूथमध्ये दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. जुना तारवाला इयरफोन शोधून लावला की हा प्रश्न मिटतो.

फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देऊन खेळणारे बरेच असतात. ते हॉटस्पॉट लावतात आणि तो बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर असतो. ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालतं. कंट्रोलर ब्लूटूथचा, हेडफोन ब्लूटूथचा आणि वाय-फायही शेजारीच, म्हणजे एकमेकांच्या पायात पाय. हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर न्यावा, किंवा त्याहून चांगलं, चार्जिंगची केबल लॅपटॉपला लावून ‘USB tethering’ सुरू करावं. हवेतला एक टप्पाच कमी होतो आणि फोन चार्जही होत राहतो. विंडोजमध्ये त्या कनेक्शनला ‘Metered connection’ करायला विसरू नये. नाहीतर लॅपटॉपला वाटतं आपण फायबरवर आहोत, आणि गेम ऐन रंगात असताना तो विंडोज अपडेट उतरवायला घेतो.

दोन सिमवाल्या फोनचा एक खाक्या फारसा कुणी सांगत नाही. डेटा दुसऱ्या सिमचा आणि फोन आला पहिल्या सिमवर, तर बऱ्याच हँडसेटमध्ये बोलणं चालू असेपर्यंत डेटा बंद पडतो. घरून आईचा फोन येतो आणि पडद्यावर गाडी तशीच हवेत लटकते. सिमच्या सेटिंगमध्ये कॉलच्या वेळी डेटा चालू ठेवण्याचा पर्याय असेल तर तो सुरू करावा, नसेल तर खेळताना कॉल आणि डेटा एकाच सिमवर ठेवावेत.

डेटा संपतो तेव्हा काय होतं हेही आधीच ठरवून ठेवायला हवं. स्पीड ६४ केबीपीएसवर आला की काही सेकंदांत चित्र जातं. सर्व्हरवर गेम थोडा वेळ तसाच उभा राहतो आणि ठरावीक मिनिटांनी सेशन बंद केलं जातं. गेममध्ये आपोआप सेव्ह होत असेल तर नुकसान थोडकं, स्वतः सेव्ह करावं लागत असेल तर तासाभराची मेहनत वाया. म्हणून फोनमध्ये डेटाची वॉर्निंग दोन जीबीवर न लावता दीड किंवा पावणेदोनवर लावावी. मात्र ती बिलिंगच्या महिन्याप्रमाणे मोजली जाते की रोज, हे फोनप्रमाणे बदलतं. फोनमध्ये रोजची सोय नसेल तर ऑपरेटरच्या ॲपमध्ये उरलेला कोटा बघून, घड्याळात पस्तीस मिनिटांचा गजर लावून बसलं तरी काम भागतं. गजर झाला की सेव्ह करायचं, मेनूतून गेम रीतसर बंद करायचा आणि मग ॲप. नुसतं होम बटण दाबून बाहेर आलं तर काही ॲप मागे थोडा वेळ चालूच राहतात, आणि उरलेल्या डेटालाही कात्री लागते.